सोलापूरच्या होलसेलरकडून टॉवेलचे सॅम्पल मागवायचे आहेत: किती नग, पैसे कोणी द्यायचे, कुरियर कसं ठरवायचं?

गिरगाव_होजिअरी

गिरगावात बनियन, रुमाल, पंचे, नॅपकिनचं छोटं दुकान आहे. टेरी टॉवेल आजवर मुळजी जेठा मार्केटमधल्या व्यापाऱ्याकडून डझनाच्या भावाने घेतो. आता थेट सोलापूरहून मागवायचा विचार आहे. दर महिन्याला साधारण ८ ते १० डझन खपतात, म्हणजे ऑर्डर मोठी नाही.

तीन होलसेलरना व्हॉट्सॲप केलं. मजकूर असा होता: "सर, टॉवेलचे सॅम्पल पाठवा. बेस्ट रेट सांगा. कुरियर करा. आवडल्यास मोठी ऑर्डर देऊ." दोघांचं उत्तरच नाही. तिसऱ्याने कॅटलॉगचे ४० फोटो पाठवले आणि पुढे गप्प. फोटोवरून टॉवेल घेता येत नाही. मजकुरात काय चुकतंय? सॅम्पल फुकट मागावे की पैसे देऊन? कुरियरचा खर्च कोणाचा?

दादर_पूर्व

थेट सोलापूर कशाला? मार्केटमध्येच चार गाळे फिरा, हात लावून बघा, सॅम्पलची भानगडच नाही. डझनामागे पाच-दहा रुपये जास्त गेले तरी परवडतं.

गिरगाव_होजिअरी

मार्केटमध्ये एकच क्वालिटी पुन्हा मिळत नाही हीच अडचण आहे. मागच्या खेपेचा टॉवेल जाड, या खेपेचा पातळ आणि भाव मात्र तोच. गिऱ्हाईक मागचा टॉवेल घेऊन दुकानात येतं आणि दोन्ही शेजारी ठेवून विचारतं.

पेठेतले_मुनीम

मी सोलापूरच्या एका पेढीवर विक्रीचा पत्रव्यवहार बघतो, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो. "सॅम्पल पाठवा, मोठी ऑर्डर देऊ" असे निरोप आम्हाला रोज येतात. त्यातून माणूस खरा दुकानदार आहे की घरात वापरायला दोन टॉवेल फुकट हवेत, हे कळत नाही. तुमच्या मजकुरात साईज नाही, जीएसएम नाही, महिन्याचा खप नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. असा मजकूर वाचून पार्सल बांधायला कोणी उठत नाही.

आणि "मोठी ऑर्डर" लिहूच नका. "महिन्याला ८ ते १० डझन" हा खरा आकडा लिहा. नियमित १० डझन घेणारा दुकानदार पेढीला हवाच असतो. मोघम मोठेपणावर मात्र विश्वास बसत नाही.

फुकट मागू नका, त्याला हिशेबाचंही कारण आहे. आम्ही माल फुकट सॅम्पल म्हणून दिला तर त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे उलटवावं लागतं. सहा टॉवेलसाठी ही नोंद कोण करत बसणार? त्यापेक्षा रीतसर बिल केलं की दोघांचं काम सोपं. "सॅम्पलचे पैसे आगाऊ देतो, बिल करा" एवढं एक वाक्य असलं की उत्तर त्याच दिवशी जातं.

विरार_मसाले

आमच्याकडे तर उलट आहे. मसाल्याचे १०-१० ग्रॅमचे पाऊच कंपनी गिऱ्हाइकांना वाटायला फुकट देते. तुम्ही काउंटरवर ठेवायला छोटे नॅपकिन मागून बघा, जाहिरात होते. फक्त तेलकट पाऊच डबल पिशवीत मागवा, कुरियरमध्ये दाबले की फुटतात.

गिरगाव_होजिअरी

ताई, ते वाटायचे सॅम्पल झाले. मला माल घेण्याआधी पारखायला हवेत.

सूत_आणि_धागा

मुनीम म्हणाले ते बरोबर. आता नग किती ते बघू, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. तुमच्या दुकानात ७५×१५० सें.मी.चा बाथ टॉवेल चालतो असं धरतो. त्यात तीन क्वालिटी मागा: ३५०, ४०० आणि ४५० जीएसएम. प्रत्येकीचे दोन नग, एकूण सहा. यातला एक धुवायचा आणि दुसरा न धुता जपून ठेवायचा. तीन महिन्यांनी माल वेगळा आला तर "सॅम्पल असं नव्हतं" हे दाखवायला तोच दुसरा नग हाताशी असतो. धुतलेल्या टॉवेलशी नवा माल ताडून बघता येत नाही, कारण धुतल्यावर लूप फुगतात आणि हाताला सगळंच जाड लागतं.

रंगासाठी पूर्ण टॉवेल मागू नका. शेड कार्ड किंवा रंगांच्या कापट्या मागा. कापटी तळहाताएवढी असावी, त्याहून लहान असली तर कडेचे लूप सुटून हातात भुसाच येतो. पूर्ण नग मात्र एक गडद रंगात घ्या, मरून किंवा नेव्ही ब्लू. रंग जाणार असेल तर आधी तिथेच जातो.

दादर_पूर्व

दोन नग कशाला? एक घ्या आणि मधोमध कापा. अर्धा धुवा, अर्धा ठेवा. निम्मे पैसे, निम्मं कुरियर.

सूत_आणि_धागा

रंग आणि आटणं बघायला अर्धा तुकडा चालतो, तेवढं तुमचं बरोबर. पण टॉवेल कापला की त्याचं पूर्ण वजन आणि पूर्ण माप कायमचं गेलं, आणि वादाच्या वेळी होलसेलरला दाखवायच्या याच दोन गोष्टी आहेत. शिवाय टेरीची खरी गडबड कडेच्या दुमडीत आणि कोपऱ्याच्या शिवणीत असते. पहिल्या दोन-तीन धुण्यांत कोपरा उसवतो. अर्ध्या तुकड्याला दोनच कोपरे उरतात आणि कापलेली बाजू धुण्यात उलगडत जाते. इथे पैसे वाचवू नका.

मीना_ठाणे

कुरियरबद्दल कोणी बोललं नाही अजून. सहा टॉवेल म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, पण खोक्यात भरले तर कुरियरवाला सहा किलोचे पैसे लावेल. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि खरं वजन व हे वजन यातलं जे जास्त त्यावर आकारणी होते. काही ठिकाणी भाजक वेगळा असतो, तो आधी विचारून घ्यायचा.

तुमचाच हिशेब घ्या. ७५×१५० म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ३५० जीएसएमचा नग ३९४ ग्रॅम, ४०० चा ४५० आणि ४५० चा ५०६. दोन-दोन नग धरले की २.७ किलो. आता ४०×३०×२५ चं खोकं झालं तर ३०,००० भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. तेच टॉवेल चपटी घडी घालून, हवा दाबून काढून, जाड प्लॅस्टिकच्या कुरियर बॅगेत भरले आणि उंची १२ सें.मी.वर आणली तर १४,४०० भागिले ५०००, म्हणजे २.८८ किलो. तीन किलोच्या आत बसलं. टॉवेल फुटत नाही, त्याला खोकं लागतच नाही. "खोक्यात नको, दाबून बॅगेत पॅक करा" हे मजकुरात लिहाच, नाहीतर पॅकिंगवाला हाताला लागेल ते खोकं उचलतो.

गिरगाव_होजिअरी

हे माहीतच नव्हतं. मग कुरियर होलसेलरला करायला सांगू की मीच बुक करू? टू-पे मागवलं तर?

मीना_ठाणे

लहान पार्सल बरेच कुरियरवाले टू-पे घेत नाहीत. घेतलं तर वर आकार लावतात, आणि माणूस दारात सुटे मागतो. तुमच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. एक, होलसेलरचा रोजचा कुरियर ठरलेला असतो, त्याचा दर विचारा आणि सॅम्पलच्या पैशांबरोबरच आगाऊ पाठवा. दोन, तुम्ही ऑनलाइन पिकअप बुक करा आणि लेबलची पीडीएफ त्यांना पाठवा. दुसऱ्यात तुम्ही ३ किलो लिहिलं आणि त्यांनी खोकं बांधलं, तर वजनाचा फरक नंतर तुमच्या खात्यातून कापला जातो. शिवाय पिकअपच्या वेळी पार्सल तयार नसलं तर फेरी वाया जाते. पहिल्या खेपेला त्यांच्याच कुरियरने मागवा.

लक्झरी बसने किंवा एसटी पार्सलने स्वस्त पडतं, पण ते आपण जाऊन सोडवायचं असतं. बस पहाटे येते. सहा टॉवेलसाठी तेवढी धावपळ नको. १० डझनांना मात्र ट्रान्सपोर्टच बरा.

पेठेतले_मुनीम

पत्त्याचंही सांगतो. मुंबईची पार्सलं परत येतात ती बहुधा "दुकान बंद" या शेऱ्याने. दुकान दुपारी दीड ते साडेचार बंद आणि कुरियरवाला नेमका तेव्हाच येतो. दुकानाची वेळ लेबलवर लिहून द्या. शेजारच्या दुकानाचं नाव द्या. गल्लीत टेम्पो येत नसेल तर नाक्यावरची खूण द्या. मोबाईल नंबर दोन द्या. पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचं भाडं कोणाचं, यावर पहिल्याच व्यवहारात कुरबुर होते.

हिशेबनीस

पैसे पाठवण्याआधी होलसेलरचा जीएसटी नंबर मागून gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. फर्मचं नाव, पत्ता आणि स्टेटस Active आहे का, ते बघा. यूपीआय केल्यावर येणारं नाव त्या फर्मशी किंवा मालकाशी जुळलं पाहिजे. भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. सॅम्पलच्या नावाखाली हजार-बाराशे उकळून नंबर बंद करणारे बरेच आहेत, आणि रक्कम लहान म्हणून कोणी तक्रार करत नाही.

दुसरं म्हणजे "पहिल्या ऑर्डरमध्ये वळते करू" असं तोंडी ठरवू नका. किती ऑर्डरवर वळते करणार आणि कसे, ते लिहून घ्या. सोपी रीत अशी की पुढच्या बिलातच तेवढी सूट स्पष्ट दाखवायची, म्हणजे कर सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेवर लागतो. माल परत नाही आणि भावही बदललेला नाही, अशा वेळी जुन्या सॅम्पल बिलावर क्रेडिट नोट काढायला लावणं म्हणजे विनाकारण गुंता.

गिरगाव_होजिअरी

सॅम्पलच्या बिलावरचं क्रेडिट मला घेता येईल ना? मी कंपोझिशनमध्ये नाही.

हिशेबनीस

जपून ठेवलेल्या नगाचं घ्या, तो पुढे विकलाही जाईल. धुऊन, घासून वाया घालवलेल्या नगाबद्दल मतं दोन आहेत. धंद्यासाठी वापरला म्हणून मिळतं असं काही म्हणतात, नष्ट झालेला माल म्हणून नाही असं काही म्हणतात. तुमच्या बाबतीत प्रश्न तीसेक रुपयांचा आहे, सीएंना विचारून एकदा रीत ठरवा आणि तीच ठेवा.

गिरगाव_होजिअरी

सगळ्यांचं घेऊन नवा मजकूर केला आणि पाठवला:

"नमस्कार. गिरगाव, मुंबई ४०० ००४ येथे आमचं होजिअरीचं दुकान आहे. जीएसटी नंबर सोबत. टेरी टॉवेलचा महिन्याचा खप ८ ते १० डझन.

सॅम्पल हवेत: सुती टेरी बाथ टॉवेल ७५×१५० सें.मी., ३५०, ४०० आणि ४५० जीएसएम, प्रत्येकी २ नग, एकूण ६. प्रत्येक क्वालिटीत एक नग मरून किंवा नेव्ही ब्लू, दुसरा तुमच्याकडे तयार असेल तो रंग. सोबत शेड कापट्या. प्रत्येक नगाला क्वालिटी नंबरची चिठ्ठी लावावी.

कृपया कळवा: प्रत्येक क्वालिटीचा डझनाचा भाव, कमीत कमी ऑर्डर, सॅम्पलचा भाव आणि तो पहिल्या ऑर्डरच्या बिलात सूट म्हणून वळता होईल का. सॅम्पल आणि कुरियर दोन्हीचे पैसे आगाऊ यूपीआयने पाठवू, कर बिल द्यावे. पॅकिंग खोक्यात नको, दाबून बॅगेत, ४०×३०×१२ सें.मी.च्या आत. डिलिव्हरी सकाळी ११ ते १ किंवा संध्याकाळी ५ ते ८. पाठवल्यावर डॉकेट नंबर कळवावा."

दीड तासात उत्तर आलं. नगाचे भाव १६५, १९० आणि २१५. सहा नगांचे ११४०, त्यावर ५ टक्के जीएसटी ५७. कुरियर ३ किलोचे २४८. कापट्या फुकट. कमीत कमी ऑर्डर क्वालिटीमागे ३ डझन, आणि ६ डझनांच्या पहिल्या ऑर्डरवर ११४० वळते. १४४५ रुपये पाठवले.

पेठेतले_मुनीम

असा मजकूर आला की आम्ही पार्सल बांधायला घेतो. क्वालिटी नंबरची चिठ्ठी मागितलीत हे फार चांगलं केलंत. नंतर ऑर्डरमध्ये तोच नंबर लिहायचा.

सूत_आणि_धागा

पार्सल आलं की धुवायच्या आधी सहाही नग सपाट टेबलावर ठेवा. रात्रभर घडी उलगडून ठेवा, दाबून पॅक केलेला टॉवेल लगेच मापला तर माप चुकतं. मग लांबी-रुंदी आणि वजन लिहा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा चालतो. त्यानंतरच एक-एक नग धुवायला घ्या.

धुवायच्या नगावर पक्क्या शाईच्या पेनाने ५०×५० सें.मी.चा चौकोन आखा. तीन धुणी आणि सावलीत वाळवणं, मग चौकोन मोजा. लांबीत ५० चे ४७ झाले तर ६ टक्के आटला. टेरीत लांबीकडे एवढं आटणं नवल नाही, १० टक्के झालं तर तो माल नको. गडद नग ओला करून पांढऱ्या सुती रुमालाने दहा वेळा जोराने घासा. फिकट डाग चालेल. रुमाल गुलाबी झाला तर तो रंग घेऊ नका. पाणी शोषतो की नाही हे पहिल्या धुण्याआधी बघू नका. मऊ लागावा म्हणून वर सिलिकॉनचं फिनिश असतं आणि थेंब तसाच बसून राहतो. दुसऱ्या धुण्यानंतर थेंब टाका, दोन-तीन सेकंदांत आत गेला पाहिजे.

गिरगाव_होजिअरी

पार्सल तिसऱ्या दिवशी आलं, बॅगेतच. रंग आणि शोषण चांगलं. अडचण वजनाची आहे. ४५० जीएसएमचा नग ५०६ ग्रॅम हवा, एक भरला ४७८ आणि दुसरा ४९८.

दादर_पूर्व

सरळ फसवणूक आहे. ४५० सांगून ४२५ चा माल दिला. पैसे परत मागा.

सूत_आणि_धागा

थांबा. वजन एकट्याने काही सांगत नाही. मापं काय आली?

गिरगाव_होजिअरी

पहिला ७३×१४८, दुसरा ७४×१५१.

सूत_आणि_धागा

मग बघा. पहिल्याचं क्षेत्रफळ १.०८० चौरस मीटर, ४७८ भागिले १.०८० म्हणजे ४४२ जीएसएम. दुसऱ्याचं १.११७, त्याचे ४४६. दोन्ही ४५० च्या जवळ, पाच टक्क्यांच्या फरकात आरामात बसतात. कापड सांगितलं तसंच आहे. कमी आहे ते माप. कटिंग आणि दुमडीत नग लहान-मोठे होतायत. क्वालिटीवर भांडलात तर तुम्ही हराल, मापावर बोललात तर ते ऐकतील.

पैशांत हे किती ते सांगतो. ५०६ च्या हिशेबाने डझन ६.०७ किलो, ४७८ च्या हिशेबाने ५.७४. भाव नगावर आहे, म्हणून पहिल्यासारखे नग आले तर डझनामागे ३३० ग्रॅम सूत कमी मिळतं. त्यासाठी ऑर्डरमध्ये "७५×१५०" एवढंच न लिहिता "डझनाचं वजन किमान ५.९ किलो, कोणताही नग ७४×१४९ पेक्षा लहान नको, क्वालिटी अमुक नंबर, आमच्याकडील सॅम्पलप्रमाणे" असं लिहा. सॅम्पलवरून झालेल्या विक्रीत माल सॅम्पलशी जुळला पाहिजे आणि ताडून बघायची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे, हे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. पण तुमच्याकडचा सॅम्पलच ७३×१४८ चा आहे, म्हणून माप आणि वजन वेगळं लिहिणं भाग आहे.

मीना_ठाणे

एक शंका. सध्या पावसाळा आहे आणि सूत हवेतली ओल धरतं. तुमच्याकडे ४७८ भरला तो उन्हाळ्यात आणखी हलका भरेल ना? मग ५.९ किलो हे कुठे आणि कधी मोजायचं?

सूत_आणि_धागा

खरं आहे. प्रयोगशाळेत ठरावीक ओलाव्याच्या हवेत ठेवून वजन करतात, दुकानात ते जमत नाही. जपून ठेवलेला नग त्याच दिवशी, त्याच काट्यावर, नव्या मालाशेजारी मोजा. ओल दोघांनाही सारखीच लागलेली असते, म्हणून फरक खरा कळतो. त्यासाठी तो नग प्लॅस्टिकमधून आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवायला लागेल.

पेठेतले_मुनीम

डझनाचं किमान वजन आमच्यासारखी पेढी मान्य करेल, पण काही जण भाव वाढवून मागतील, कारण कटिंगमध्ये त्यांना जास्त कापड सोडावं लागेल. नगाच्या भावाऐवजी किलोचा भाव मागून बघा. आमच्याकडे दोन्ही चालतात.

गिरगाव_होजिअरी

किलोचा भाव विचारला आहे. शिलकी नगावर तारीख आणि क्वालिटी नंबर लिहून, फोटो काढून त्यांनाही पाठवला. ३५० जीएसएमची तीन धुणी अजून व्हायची आहेत, कोपऱ्याचं काय होतं ते झाल्यावर इथे लिहितो.